उपवासाच्या दिवशीची छोटी गोळी

गल्लीतले लोक त्याला बापरे म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं एक चांगलं नाव त्याला होतं, पण बस जरा जवळून गेली तरी ‘बापरे’, दिवे गेले तरी ‘बापरे’, नको त्या वेळी फोन वाजला तरी ‘बापरे’, असं करणाऱ्या माणसाचं खरं नाव लक्षात ठेवायची तसदी कोण घेणार? पोरंटोरं त्याला बापरेकाका म्हणायची आणि तोही मुकाट्याने ओ द्यायचा. शिडीवर चढायला तो घाबरे, कुत्र्याला घाबरे, सरकारी कचेरीतल्या शिपायाला तर भलताच घाबरे. अशा माणसाच्या गळ्यात देवाने बायको बांधली ती मात्र कुणाच्या बापाला न भिणारी.

ती अख्ख्या गल्लीची मावशी. दोघांचं इस्त्रीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, तर एक लांबट खोली, मधोमध जाड घोंगडी अंथरलेलं टेबल, एका भिंतीला गाठोडी, दुसऱ्या भिंतीला तयार कपड्यांच्या चळती. काम दोघांनी वाटून घेतलेलं होतं. बापरेने कपडे आणायचे, निवडायचे, पाणी शिंपडायचं, घड्या घालायच्या, पोचवायचे. इस्त्री मात्र मावशीचीच. विजेची ती जड इस्त्री तिच्या हातात अशी फिरायची की बघणाऱ्याला वजनच जाणवू नये. आजवर तिने एकही कापड जाळलं नव्हतं. रेशमी असो, सुती असो, हात लावला की तिला कळायचं, किती तापवायची. याचा तिला गर्व होता, आणि तो ती लपवतही नसे.

मावशीला साखरेचा आजार निघाला तेव्हा ती हसली होती. बापरेने मात्र हातपाय गाळले. आठवडाभर त्याला धड जेवण गेलं नाही. मग भित्र्या माणसाला जे उत्तम जमतं ते त्याने केलं, पहारा सुरू केला. गोळ्यांचं खातं त्याने स्वतःकडे घेतलं. कुठली न्याहारीसोबत, कुठली जेवणासोबत, कुठली रक्तदाबाची, सगळं तोंडपाठ. बोटाला टोचून साखर बघायचं छोटं यंत्रही त्याच्याच ताब्यात. रोज सकाळी मावशी एका हाताने केस सारखे करत दुसरा तळहात पुढे धरायची, तो त्यावर गोळ्या ठेवायचा, आणि ती न बघता तोंडात टाकून वर पाणी प्यायची. कधी विचारलं नाही, कधी मोजलं नाही. तेवढा एकच व्यवहार होता जगात, ज्यात मावशीने डोळे मिटून कुणावर तरी भरवसा टाकला होता.

मावशी उपवास करायची. सणाच्या आदल्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पोटात अन्न घालायचं नाही, पाणी तेवढं चालायचं. लग्नाआधी आईसोबत सुरू केलेलं ते तिने कधी सोडलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी आधी सरळ सांगून पाहिलं, की तुम्ही उपवास न केलेलाच बरा. मावशी म्हणाली, “ते सोडून बोला.” डॉक्टरबाई अनुभवी होत्या. नाही म्हटलं तर ही चोरून करणार, हे त्यांनी ओळखलं आणि मग नीट बसवून दोघांना समजावलं.

“ही मोठी गोळी आहे ना, ती एकटी साखर फारशी खाली पाडत नाही. ती संध्याकाळी जेवणासोबत घ्या. पण ही छोटी गोळी वेगळी. ही शरीराला आतून ढोसते, साखर उतरव म्हणते. तुम्ही जेवलात की नाही, ते हिला कळत नाही. पोटात काही नसलं तरी हिचं काम चालूच. म्हणून उपवासाच्या सकाळी छोटी गोळी घ्यायची नाही. रक्तदाबाची घ्या. मधून मधून साखर बघा, बोटाला टोचल्याने उपवास मोडत नाही. आकडा सत्तरच्या खाली गेला, की उपवास तिथल्या तिथे सोडायचा. साखर घ्यायची आणि वर जेवायचं. आणि त्या दिवशी दगदग नको.”

“दगदग कसली,” मावशी म्हणाली होती. सणाच्या आदल्या दिवशी इस्त्रीच्या दुकानात काय अवस्था असते, हे डॉक्टरबाईंना कुठून ठाऊक असणार? साऱ्या गल्लीला दुसऱ्या दिवशी कडक घडीचे कपडे हवे असतात.

पहिले काही उपवास सुरळीत गेले. मग मागच्या सणाला घोळ झाला. उपवास नीट पार पडला, पण दुसऱ्या दिवशी मावशीने गोडावर असा काही ताव मारला की साखर साडेतीनशेच्या घरात गेली. त्याच सुमाराला तिच्या टाचेला एक फोड आला आणि भरून यायचं नाव घेईना. डॉक्टरबाई मावशीला रागावल्या, बापरेलाही रागावल्या. फोड शेवटी भरला. पण बापरेच्या मनात तो तसाच राहिला. कारण मावशीची थोरली बहीण. तिचा पाय याच आजाराने गेला होता. घोट्याच्या वर गुंडाळलेलं ते बँडेज बापरेने दवाखान्यात पाहिलं होतं आणि बाहेर येऊन भिंतीला धरून उभा राहिला होता. मावशी दिवसभर उभ्याने काम करते. तिचा पाय गेला तर? हा एक प्रश्न त्याला आतून पोखरत चालला होता.

त्यामुळे या खेपेला, सणाच्या आदल्या सकाळी, गोळ्या काढताना त्याचा हात थबकला. उद्या पुन्हा गोड. उद्या पुन्हा तो आकडा. पुन्हा फोड. छोटी गोळी त्याच्यासमोर होती, एवढीशी, मुगाच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी. त्याला वाटलं, एवढ्याने काय होणार आहे? उद्याच्या गोडाची आजच थोडी तजवीज केलेली बरी. डॉक्टरबाईंचे शब्द त्याला आठवत होते, अगदी जसेच्या तसे. पण पायाचं भय त्या शब्दांहून मोठं झालं होतं. भित्रा माणूस बेफिकीर नसतो, तो फक्त चुकीच्या दाराला कडी लावत बसतो.

मावशीने केस सारखे करत तळहात पुढे केला. त्याने रक्तदाबाची गोळी ठेवली आणि तिच्या शेजारी ती छोटी. मावशीने दोन्ही तोंडात टाकल्या, पाणी प्यायली आणि पदर खोचून कामाला लागली.

सकाळभर काही झालं नाही. बापरेने एकदा साखर बघितली, आकडा चांगला होता. त्याला बरंच वाटलं, स्वतःच्या हुशारीचं जरा कौतुकही वाटलं. मग गिऱ्हाइकांची रीघ लागली. गाठोडी दारापर्यंत आली. खोलीत इस्त्रीची धग, वर पत्रा तापलेला. मावशीच्या कपाळावरून घाम गळत होता, पण तो तर रोजच गळायचा. इस्त्रीवाल्या बाईचा घाम कोण बघत बसणार? तोच तर घात होता. साखर उतरली की पहिल्यांदा घाम फुटतो, आणि या दुकानात घामाला काही किंमतच नव्हती.

दुपारी ती चिडचिड करू लागली. “हा सदरा कुणाचा? चिठ्ठी कुठाय? तुम्हाला एक काम धड जमत नाही.” चिठ्ठी सदऱ्यालाच टाचलेली होती. बापरेने ती दाखवली. मावशीने बघितली, पण जणू बघितलीच नाही. मग तिने इस्त्री केलेला सदरा पुन्हा गाठोड्यात टाकला. बापरेने हातातलं पाणी खाली ठेवलं.

“अगं, जरा बसतेस का?”

“बसले तर हे कोण करणार, तुमचे काका?”

शेजारच्या गाळ्यातला शिंपी हे ऐकून हसला. “बापरे, वहिनींना काम करू दे. तू बसून बापरे म्हण.”

बापरेने बोट टोचायचं यंत्र हातात घेतलं आणि पुन्हा खाली ठेवलं. आकडा बघायचीच त्याला भीती वाटत होती. आकडा खाली असला, तर तो कुणामुळे, हे त्याला ठाऊक होतं. तो पाणी शिंपडत राहिला. हे त्याचं आणखी एक पाप, आणि ते त्याला पुढे फार छळणार होतं.

मग वास आला. आधी बारीक, मग खरपूस, मग जळका. बापरेने मान वर केली. मावशी टेबलाशी उभी होती, इस्त्री एका पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरवर टेकलेली, आणि तिचा हात हलत नव्हता. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. कॉलरच्या कडेने तपकिरी डाग पसरत चालला होता.

त्याने झडप घालून इस्त्री उचलली आणि तिच्या मानेला हात लावला. मान ओली होती आणि गार होती, तापलेल्या पत्र्याखाली, धगीसमोर उभ्या बाईची मान गार.  तिला त्याने स्टुलावर बसवलं, बोट टोचलं. थेंब पट्टीवर घ्यायला तो दोनदा चुकला. आकडा आला अठ्ठेचाळीस.

“साखर,” तो ओरडला. शिंपी धावत आला आणि या खेपेला हसला नाही. त्याच्याकडच्या चहाच्या डब्यातली साखर बापरेने पेल्यात चमचे भरभरून घातली, पाण्यात ढवळली. मावशी गिळते आहे ना, हे बघून त्याने पेला तिच्या ओठांना लावला. ती प्यायली, अर्धं अंगावर सांडलं. पाव तास तो तिच्यासमोर उकिडवा बसून राहिला. त्या पाव तासात त्याने देवाला जे जे देऊ केलं, ते ऐकून देवालाही संकोच वाटला असता. मग मावशीने डोळे त्याच्यावर आणले आणि म्हणाली, “असे काय बसलात तोंड पाडून?”

आकडा नव्वदच्या वर गेला होता. शिंप्याने सुस्कारा सोडला. मावशीने मात्र टेबलावरची कॉलर बघितली आणि तिचा चेहरा पडला. तिने त्या डागावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

“हे मी केलं?”

बापरेने सदरा तिच्या हाताखालून काढून घेतला.

“काहीतरी खाऊन घे आता,” बापरे म्हणाला. “उपवास सोड.”

“साखरेचं पाणी म्हणजे पाणीच. त्याने उपवास मोडत नाही. जेवल्याने मोडेल. आता बरी आहे मी.”

“मग दवाखान्यात चल.”

एरवी तिने त्याला उडवून लावलं असतं. पण त्या कॉलरने तिला हादरवलं होतं. शिंप्याने स्कूटर काढली, मावशीला मागे बसवलं आणि बापरे शेजारून जवळजवळ धावत कोपऱ्यापर्यंत गेला.

दवाखान्यात गर्दी होती. सणामुळे लवकर बंद होणार होता. डॉक्टरबाईंनी पुन्हा बोट टोचलं. एक्क्याऐंशी. “ठीक आहे. आता सांगा, सकाळची छोटी गोळी घेतली नव्हती ना?”

“नाही,” मावशी ठामपणे म्हणाली. “तुम्ही सांगितल्यापासून उपवासाला घेतच नाही. हेच देतात गोळ्या, यांना विचारा.”

डॉक्टरबाईंनी बापरेकडे पाहिलं. मावशीनेही पाहिलं, पण विचारायला नव्हे, साक्षीला. तिच्या नजरेत शंकेचा लवलेश नव्हता.  त्याने मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. डॉक्टरबाईंनी ती आपल्या समजुतीप्रमाणे घेतली.

“मग दगदगीनेच उतरली असणार. उपवास आत्ताच सोडा. घरी जा, पोटभर जेवा, पडून राहा, तासाभराने पुन्हा बघा.” त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

बाहेर पायऱ्यांखाली शिंपी स्कूटर चालू करत होता. मावशी एकेक पायरी उतरत म्हणाली, “संध्याकाळ व्हायला काय उरलंय आता? तेवढ्यासाठी कशाला मोडायचा? जरा पडते आणि मग जेवते.”

बापरे वरच्या पायरीवर उभा होता. नव्वदच्या वरून एक्क्याऐंशी. एकेक पायरी कुणी खाली उतरावं, तसा तो आकडा उतरत होता, आणि का उतरत होता ते या जगात फक्त त्याला ठाऊक होतं. तुम्ही जेवलात की नाही, ते हिला कळत नाही. हिचं काम चालूच. ती आता घरी जाईल, पडून राहील, तिला झोप लागेल. तो शेजारी बसेल, ती झोपली आहे असं समजून. या विचाराने त्याला असं भय वाटलं की त्यापुढे आजवरची सगळी भयं त्याला पोरखेळ वाटली. आणि तरीही जीभ उचलत नव्हती. कारण बोललं की ती ऐकणार होती. तळहात पुढे करणारी, कधी न बघणारी ती.

“चला ना,” मावशी खालून म्हणाली.

तो वळला आणि आत गेला. रांगेतल्या लोकांना ओलांडून, शिपायाने अडवलं तरी न थांबता, सरळ डॉक्टरबाईंच्या टेबलापुढे उभा राहिला.

“दिली होती,” तो म्हणाला. “छोटी गोळी. सकाळी मीच दिली. तिला माहीत नाही.”

डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. “किती?”

“एकच.”

“कुठे आहेत मावशी?”

मावशी त्याच्यामागेच उभी होती. काय झालं म्हणून परत आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. बापरेने तिच्याकडे बघितलं नाही. त्याला बघवलंच नाही.

मग सगळं भराभर झालं. डॉक्टरबाईंनी मावशीला खाटेवर झोपवलं. “ही गोळी दिवसभर आत बसून काम करते,” त्या म्हणाल्या, “एकदा साखर दिली म्हणून ती गप्प बसत नाही. आता आकडा वर आला तरी पुन्हा पडू शकतो. घरी सोडणार नाही मी.” त्यांनी स्वतःच्या डब्यातली पोळीभाजी पुढे केली. “खा. आता उपवास नाही, काही नाही.” मावशी एक शब्द न बोलता जेवली. ती वाद घालत नाही हे बघून बापरेला अधिकच भीती वाटली.

जेवल्यावर आकडा जरा चढला. मग, बाहेर शिंपी खुर्चीत पेंगायला लागला असताना, मावशीचा हात पुन्हा गार पडला. तिने काहीतरी विचारलं, पण शब्द एकमेकांत अडकले. चौपन्न. नर्सने हाताच्या शिरेत सुई घातली, साखरेची बाटली टांगली. थेंब पडू लागले आणि बापरे ते मोजत बसला नाही, नुसता बघत राहिला. त्या वेळी ती घरी असती तर, एवढाच एक विचार त्याच्या डोक्यात फिरत होता. त्यानंतर रुग्णवाहिका आली आणि तिला मोठ्या दवाखान्यात हलवलं.

सणाच्या सकाळी ती तिथल्या खाटेवर उशीला टेकून बसली होती. समोर न्याहारी, त्यात गोडाचा कणही नव्हता. आकडा आता स्थिर होता. बापरे पायथ्याशी बसला होता, रात्रभराच्या जागरणाने डोळे लाल.  मग मावशी म्हणाली, “का दिलीत?”

“पायामुळे.”

“माझ्या?”

“ताईंचा पाय बघितला होता ना. मागचा फोड. मला वाटलं, उद्या गोड होईल, तर आजच...” 

मावशी खिडकीकडे बघत राहिली. “पाय वाचवायला निघालात,” ती शेवटी म्हणाली, “आणि माणूस घालवत होतात.” तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर त्याला सोसायला सोपं गेलं असतं.

“तू सुटून घरी आलीस की गोळ्या तूच घे,” तो म्हणाला. “मी हात लावणार नाही.”

मावशीने न्याहारीचं ताट पुढे ओढलं.

मोठ्या दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी ती छोटी गोळी बंद केली. दुसरी दिली, जी एकटी असताना साखर सहसा फार खाली पाडत नाही, आणि पुढचे काही महिने उपवास करायचाच नाही असं बजावलं. गोडासाठी म्हणून कधीही जास्तीची गोळी घ्यायची नाही, गोडच कमी खायचं, हेही सांगितलं. मावशीने मान डोलावली. बापरे म्हणाला, “ऐकलंस ना?” आणि तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने पिशवी भरू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी तो चहा करत होता. गोळ्यांची पाकिटं ओट्यावर त्याने मुद्दाम तिच्या बाजूला सरकवून ठेवली होती. मावशी आली, एका हाताने केस सारखे करू लागली, आणि दुसरा तळहात तिने त्याच्यापुढे धरला.

तो बघतच राहिला. मग घाबरत घाबरत त्याने एक गोळी ठेवली, दुसरी ठेवली, तिसरी ठेवली. मावशीने हात तोंडाकडे नेला नाही. मान खाली घालून ती तळहातातल्या गोळ्यांकडे बघू लागली, गोळ्या सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच.

“ही कोणती?” तिने विचारलं.

त्याने सांगितलं.

“आणि ही?”

त्याने तीही सांगितली.  तिसरीचंही सांगून झालं, तेव्हा मावशीने गोळ्या तोंडात टाकल्या आणि वर पाणी प्यायली. आता ती रोज विचारते, आणि तो रोज सांगतो.